२६ लाखांत घर बांधायचंय, स्लॅब पडल्यावर हातात किती उरायला पाहिजेत?

कृष्णाकाठ, भिलवडी

नमस्कार मंडळी. भिलवडीजवळ आमची दोन गुंठे जागा आहे, त्यावर घर बांधायचं ठरलंय. प्लॅन ११०० चौरस फुटाचा, दोन बेडरूम, हॉल, किचन, आणि जिना आत्ताच घेणार कारण पुढंमागं वर मजला चढवायचा विचार आहे. पैशाचं असं आहे की साठवलेले आणि आईची एफडी मोडून ११ लाख, आणि बँकेत १५ लाखांचं कर्ज होईल असं मॅनेजर म्हणाले, म्हणजे एकूण २६. एका कंत्राटदारानं चावी हातात २००० रुपये फूट सांगितलंय, म्हणजे २२ लाख, मग माझ्या हिशोबानं ४ लाख उरतात ते अडीअडचणीला. पण आमच्या गल्लीतल्या काकांचं घर तीन वर्षं झाली स्लॅब पडून तसंच आहे, खिडक्यांना फळ्या मारल्यात, आणि त्यांचाही हिशोब कागदावर बरोबरच होता. म्हणून विचारतोय, स्लॅबपर्यंत साधारण किती जातात आणि स्लॅबनंतर किती? आणि राखीव पैसे नक्की किती ठेवायचे आणि ते कुठल्या टप्प्याला मोडायचे? ज्यांनी स्वतः बांधलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

द्राक्षबाग, तासगाव

भाऊ एवढं टेन्शन घेऊ नका, स्लॅब पडला की ७० टक्के काम झालं समजायचं, पुढचं सगळं सावकाश करता येतं, आम्ही तसंच केलं. आणि स्वतःचे ११ लाख कशाला घालताय, ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक ९० टक्के देऊ शकते असा नियमच आहे, २० लाख कर्ज काढा आणि स्वतःचे पैसे बाजूला ठेवा. राखीव म्हणून ५ टक्के बास आहेत, फक्त मटेरियल स्वतः आणायचं आणि मजुरीनं काम द्यायचं.

माळरान, जत

ग्रामपंचायतीत अर्ज केलाय का आधी? घरकुलाला १ लाख २० हजार मिळतात हप्त्याहप्त्यानं, पाया झाला की फोटो काढून नेतात आणि मग पुढचा हप्ता. आमच्या भावाचं झालं त्यात. यादीत नाव आहे का बघा आधी, मग बाकीचं.

कृष्णाकाठ, भिलवडी

माळरान दादा, मी नोकरदार आहे, घरकुलात बसत नाही आम्ही. माझा प्रश्न स्वतःच्या पैशाचे आणि कर्जाचे टप्पे कसे पाडायचे हा आहे. तरी धन्यवाद.

साइट पाटील, कराड

मी गेली २२ वर्षं कराड-इस्लामपूर पट्ट्यात साइट बघतोय, तर जरा लांबलचक लिहितो, रागावू नका.

पहिली गोष्ट, ते ४ लाख तुमचे उरलेले नाहीत. २२ लाखांत काय काय धरलंय ते कंत्राटदाराकडून लिहून घ्या आणि बघा, बहुतेक वेळा कंपाऊंड, गेट, बोअर, सेप्टिक टाकी, लाइटचं मीटर, प्लॅन आणि परवानगीचा खर्च यातलं काही त्यात नसतं. दोन गुंठ्यांच्या जागेला हे सगळं साधेपणानं केलं तरी ३ लाखांच्या आसपास जातं, बोअरला पाणी खोल लागलं तर जास्त. म्हणजे २६ मधून आधी ३ बाजूला काढा, राहिले २३.

या २३ मधून राखीव काढा. घराच्या खर्चावर १० टक्के हा नेहमीचा आकडा, पण तो मुरमावरच्या प्लॉटला. तुमचा नदीकाठचा काळ्या मातीचा भाग, खाली मुरूम किती फुटांवर आहे ते अजून माहीत नाही, म्हणून १५ टक्के धरा. म्हणजे २० लाखांचं घर आणि ३ लाख राखीव. सरळ सांगायचं तर तुमचं बजेट २२ चं नाही, २० चं आहे. एकतर शंभर फूट कमी करा किंवा फिनिशिंगमधलं काही पुढं ढकला. माझ्या मते शंभर फूट कमी करणं चांगलं, कारण कमी झालेल्या फुटांचा खर्च कायमचा वाचतो, पुढं ढकललेला खर्च परत समोर येऊन उभा राहतो.

आता वाटणी. द्राक्षबाग साहेब, स्लॅब म्हणजे ७० टक्के हे डोळ्याला दिसणारं काम झालं, पैशाचं नाही. साध्या एकमजली घराला २० लाखांतले ३ लाख जोत्यापर्यंत जातात, ५ लाख ४० हजार कॉलम, बीम, जिना आणि स्लॅबला, २ लाख वीटकामाला. इथं उभं घर दिसायला लागतं आणि खर्च झालेला असतो १० लाख ४० हजार, म्हणजे निम्म्याला जरा वर. उरलेले ९ लाख ६० हजार कुठं जातात ते बघा: आतबाहेर प्लास्टर २ लाख, गच्चीचं आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग ४० हजार, दारंखिडक्या ग्रिलसकट २ लाख, फरशी, बाथरूमच्या भिंतीच्या टाइल आणि ओटा मिळून २ लाख, प्लंबिंग १ लाख २०, वायरिंग आणि फिटिंग १ लाख १०, रंग ९० हजार. हे आकडे घराघरात थोडे इकडंतिकडं होतात, पण निम्मं-निम्मं हा अंदाज फारसा चुकत नाही. फरशी आणि दारं भारीतली घेतली की फिनिशिंग ६० टक्क्यांपर्यंतही जातं, वर मर्यादाच नाही त्याला. स्ट्रक्चरला मात्र लोखंड आणि सिमेंट लागायचं तेवढंच लागतं.

म्हणून तुमच्या धाग्याच्या नावातल्या प्रश्नाचं उत्तर: ज्या दिवशी स्लॅब पडतो त्या दिवशी २० मधले ११ लाख ६० हजार, शिवाय राखीवातलं जे शिल्लक असेल ते, हातात किंवा बँकेकडून यायचं बाकी असलं पाहिजे. त्यापेक्षा कमी असेल तर तुमच्या गल्लीतल्या काकांसारखं होणार हे त्याच दिवशी कळतं, तीन वर्षांनी नाही.

सविता, कोरेगाव

पाटील सर म्हणतात ते अक्षरशः खरं आहे आणि मी ते भोगलंय. आमचं घर कोरेगावला, साडेनऊशे फुटांचं. स्लॅब पडला त्या दिवशी पेढे वाटले, सासूबाईंनी नारळ फोडला, आणि संध्याकाळी मिस्टरांनी वही काढली तर आमच्याकडं उरलेले होते ३ लाख १० हजार. आम्हाला वाटलं आता काय, प्लास्टर आणि फरशीच तर राहिली.

वीटकाम झालं आणि पैसे संपले. पुढचा पावसाळा बाहेरच्या प्लास्टरशिवाय गेला. आम्ही खिडक्यांना ताडपत्री बांधली होती, ती वाऱ्यानं फाटायची. उत्तरेच्या भिंतीच्या विटा पाणी पीत राहिल्या आणि दिवाळीपर्यंत आतल्या बाजूला पांढरी खार फुटली, हातानं पुसली की मिठासारखी बोटाला लागायची. सागवानी चौकटी आधीच बसवल्या होत्या, त्या फुगून दोन चौकटी वाकड्या झाल्या, सुतारानं नंतर रंधा मारून मारून दार बसवलं. पुढच्या वर्षी पतसंस्थेचं कर्ज काढून प्लास्टर केलं तेव्हा ती खार घासून, भिंत धुऊन, वाळवून मग करावं लागलं, मजुरी वाढली ती वेगळी.

सगळ्यात वाईट म्हणजे चूक कुठं झाली ते आम्हाला नंतर कळलं. घर महाग झालं नव्हतंच. कंत्राटदाराला आम्ही झालेल्या कामापेक्षा आधीच जास्त पैसे देऊन बसलो होतो, आणि वीटकामानंतर तो यायचाच बंद झाला. तुमच्या कागदावर पैसे द्यायचे टप्पे काय लिहिलेत ते आधी बघा दादा.

कृष्णाकाठ, भिलवडी

ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला. आत्ता कागद काढून बघितला. त्यात असं आहे: काम सुरू करताना १० टक्के, जोतं झाल्यावर २०, स्लॅब झाल्यावर ३५, वीटकाम आणि प्लास्टर झाल्यावर २०, फरशी झाल्यावर १०, चावी देताना ५. मला तर हे बरोबरच वाटलं होतं, काम झाल्यावर पैसे असं आहे ना.

साइट पाटील, कराड

बेरीज करा. स्लॅबपर्यंत १०, २० आणि ३५ म्हणजे ६५ टक्के. २२ लाखांचे १४ लाख ३० हजार. आणि वर सांगितलेल्या वाटणीप्रमाणे जोतं १५ टक्के आणि स्लॅबपर्यंतचं २७ टक्के मिळून काम झालेलं असतं ४२ टक्क्यांचं, म्हणजे सव्वानऊ लाखांचं. ५ लाख रुपये तुमचे त्याच्याकडं पुढं गेलेले असतात. त्यानंतर फिनिशिंगचं काम म्हणजे किरकिरीचं, दहा कारागीर, रोजचं सामान, मालकाची रोजची कुरबुर आणि सुटणारे पैसे कमी. त्याला दुसऱ्या गावात नवीन जोतं मिळालं की तो तिकडं जातो. सविता ताईंच्या बाबतीत हेच झालेलं दिसतंय.

सुरुवातीला ५ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, आणि तेही पुढच्या बिलातून वळते करून घ्यायचे. स्लॅब पडेपर्यंत सगळं मिळून ४० च्या वर जाऊ देऊ नका. प्लास्टरचा हप्ता वीटकामापासून वेगळा करा, आणि प्लास्टरचेही आतलं आणि बाहेरचं असे दोन. शेवटचे ५ टक्के चावीला न देता एक पावसाळा गेल्यावर, गच्ची आणि खिडकीचे छज्जे गळत नाहीत हे बघून द्यायचे. हे सगळं करारात लिहा, तोंडी नको.

गवंडी मामा, विटा

मी मजुरीनं आणि मटेरियलसकट दोन्ही कामं घेतो म्हणून आमची बाजू सांगतो. पाटील साहेबांचं गणित चुकीचं नाही पण ४० टक्क्यांवर स्लॅब टाकायचा तर माझ्यासारख्या लहान माणसाला दुकानदार उधारी देत नाही. ११०० फुटाच्या घराला फुटाला ४ किलो धरलं तरी साडेचार टनाच्या आसपास लोखंड लागतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं स्लॅबपर्यंतच संपतं. सिमेंट सगळ्या घराला साडेचारशे पोती धरा, त्यातली निम्मी स्लॅबपर्यंत. खडी, क्रश सँड, सेंट्रिंगचं भाडं, स्लॅबच्या दिवशीची मजुरी सगळं एकाच आठवड्यात येतं. पैसे पुढं मागणारा प्रत्येक माणूस पळून जाणारा नसतो.

मी असं करतो की लोखंड आणि सिमेंट मालकानं स्वतः दुकानातून स्वतःच्या नावाच्या बिलावर घ्यायचं, तेवढे पैसे कराराच्या रकमेतून वजा, आणि मला फक्त बाकीचं आणि मजुरी. मालकाचे पैसे माझ्याकडं अडकत नाहीत आणि माझं काम थांबत नाही. फक्त काट्यावर वजन करून घ्या आणि लागेल तसं आणा. एकजण दर वाढतील म्हणून दोनशे पोती आधीच आणून ठेवत होता, पावसाळ्यात खालच्या थरातली पोती दगड झाली. तीन महिन्यांच्या वर सिमेंट ठेवू नये, पावसाळ्यात तर त्याच्या आतच संपवावं.

द्राक्षबाग, तासगाव

मामांचं पटलं. आणि ७० टक्क्यांचं माझं चुकलं असेल, आमचं घर साधं होतं, फरशी शहाबादी आणि लाकूड घरचं, म्हणून तसं वाटलं असेल. पण कर्जाचं मी म्हणतो ते तर बरोबर आहे ना, जास्त कर्ज घेऊन स्वतःचे पैसे राखीव ठेवा?

साइट पाटील, कराड

द्राक्षबाग साहेब, अर्धं बरोबर आहे. ९० टक्के ही वरची मर्यादा झाली, बँकेनं तेवढं द्यायलाच पाहिजे असं नाही. बँक तुमचा पगार बघते, तिच्या इंजिनिअरनं मान्य केलेलं एस्टिमेट बघते, आणि मुख्य म्हणजे आधी तुमचा वाटा घाला मग आमचा हप्ता असं म्हणते. पण राखीव स्वतःच्या पैशातलंच असावं हे तुमचं शंभर टक्के खरं. कर्जातलं राखीव म्हणजे कागदावरचं, गरज पडेल त्या दिवशी ते हातात नसतं.

कृष्णाकाठ यांचं गणित मांडून दाखवतो. स्वतःचे ११ लाख. त्यातले ३ बाहेरच्या खर्चाचे, ३ राखीव, उरले ५. घर २० चं, म्हणजे ५ तुमचे आणि १५ बँकेचे. समजा बँक जोतं झाल्यावर २५ टक्के, स्लॅबला ३०, प्लास्टरला २५ आणि शेवटी २० देते. प्रत्येक बँकेचं वेगळं असतं, मंजुरीपत्रात बघून घ्या.

जोत्याचे ३ लाख तुमच्या खिशातून. जोतं झालं की बँकेचे ३ लाख ७५ हजार आले, तुमचे उरलेले २ लाख, मिळून ५ लाख ७५. स्लॅबला लागतात ५ लाख ४०. निभावलं, पण शिल्लक फक्त ३५ हजार. स्लॅबनंतर ४ लाख ५० आले, त्यात वीटकाम, प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंगचे ४ लाख ४० गेले, शिल्लक ४५ हजार. मग ३ लाख ७५ आले, दारंखिडक्या आणि फरशीला ४ लाख गेले, शिल्लक २० हजार. आता उरलं प्लंबिंग, वायरिंग आणि रंग, ३ लाख २० हजारांचं. बँकेकडं ३ लाख बाकी आहेत, पण ते काम पूर्ण झालेलं बघितल्यावर देणार. म्हणजे शेवटच्या टप्प्यात खिशात २० हजार आणि समोर सव्वातीन लाखांचं काम.

इथं राखीव उपयोगी पडतं. ते त्यावेळी पुरेसं शिल्लक असेल तर त्यातून काम पुरं करून घ्यायचं आणि बँकेचा शेवटचा हप्ता आला की ते परत भरून निघतं. ज्यांनी राखीव आधीच इटालियन मार्बलला किंवा फॉल सीलिंगला मोडलेलं असतं ते नेमके इथं अडकतात, आणि मग दागिने गहाण टाकून रंग काढतात.

सविता, कोरेगाव

राखीव कधी मोडायचं याचा काही नियम आहे का सर? आमच्याकडं राखीव असं वेगळं कधी नव्हतंच, सगळं एकाच खात्यात, म्हणून कधी संपलं तेही कळलं नाही.

साइट पाटील, कराड

ताई, मी मालकांना एवढंच सांगतो की प्रत्येक टप्प्याला दोन आकडे वहीत लिहा, अजून किती लाखांचं काम बाकी आहे आणि राखीव किती शिल्लक आहे. राखीव बाकी कामाच्या १० टक्क्यांखाली यायला लागलं की त्या दिवशी फिनिशिंगमधलं काहीतरी कापायचं, पुढं बघू म्हणायचं नाही. समजा पायात माती खोल निघाली आणि ८० हजार राखीवातून गेले. बाकी काम १७ लाखांचं, राखीव २ लाख २० हजार, म्हणजे १३ टक्के, चालेल, पुढं चला. पण पायात आणि स्लॅबमध्ये मिळून २ लाख गेले तर बाकी काम ११ लाख ६० हजार आणि राखीव १ लाख. तेव्हा फरशीचा दर फुटामागं खाली आणायचा किंवा आतल्या दोन दारांची पल्लं नंतर बसवायची.

आणि राखीव वेगळ्या एफडीत ठेवा, मोडायला बँकेत जावं लागेल असं. मोडायची कारणं तीनच: जमिनीखाली निघालेलं, दर वाढलेले, आणि प्लॅनमध्ये राहून गेलेलं. आवड म्हणून केलेला बदल राखीवातून करायचा नाही.

रेल्वे कॉलनी, मिरज

भिलवडी म्हटलं की २०१९ चा पूर आठवतो. तुमच्या जागेवर किती पाणी होतं? आमच्या मामांच्या दारात कमरेएवढं होतं. जोत्याची उंची त्या हिशोबानं धरलीये का प्लॅनमध्ये? नाहीतर पाटील सरांचे जोत्याचे ३ लाख पुरणार नाहीत.

कृष्णाकाठ, भिलवडी

आमच्या जागेवर गुडघाभर होतं, शेजारच्या भिंतीवर खूण अजून आहे. प्लॅनमध्ये जोतं रस्त्यापासून २ फूट आहे. हा प्रश्न मी विचारायलाच पाहिजे होता, धन्यवाद. इंजिनिअरशी बोलून आणि पायाचा एक खड्डा मारून बघून परत लिहितो.

गवंडी मामा, विटा

खड्डा मारताना एकच मारू नका, दोन कोपऱ्यांत मारा. आमच्याकडं एका कोपऱ्याला ४ फुटांवर मुरूम आणि दुसऱ्याला ९ फुटांवर असंही निघालंय.

वसंतगड, पाटण

मला एक विचारायचं होतं, आम्ही स्लॅब टाकून वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळ्या चार वर्षं उघड्या ठेवल्यात, त्या आता पूर्ण तांबूस झाल्यात. वापरता येतील का? आमचा कोयनेचा पट्टा, १९६७ च्या भूकंपाच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या, म्हणून भीती वाटते.

साइट पाटील, कराड

नुसता तांबूस रंग असेल आणि तारेच्या ब्रशनं घासल्यावर लोखंड गुळगुळीत लागत असेल तर बहुतेक चालतात. पापुद्रे सुटत असतील, खड्डे पडले असतील किंवा सळी बारीक झालीय असं हाताला लागत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर बोलवा, फोटोवरून सांगू नये. आणि स्लॅबच्या लगेच वरचा भाग नीट बघा, पाणी तिथं साचतं आणि सळी तिथंच आधी खाते. कृष्णाकाठ, तुम्हीही वर मजला घेणार आहात तर सळ्यांना सिमेंटचा घट्ट रबडा लावून वरून कच्च्या काँक्रीटचं आवरण करा, खर्च किरकोळ आहे.

कृष्णाकाठ, भिलवडी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. मामांच्या सांगण्यावरून दोन खड्डे मारले. रस्त्याकडच्या कोपऱ्यात ६ फुटांवर मुरूम लागला, मागच्या कोपऱ्यात साडेआठ फुटांवर, तोपर्यंत नुसती काळी माती, जेसीबीच्या बकेटला चिकटून खाली पडत नव्हती. एस्टिमेटमध्ये ५ फूट धरलं होतं. इंजिनिअरनी १४ कॉलमचा हिशोब केला, जास्तीची खोदाई, कॉलमची वाढलेली उंची, त्यातलं लोखंड. मला वाटलं दोन लाख वाढणार, पण ते ७० हजार म्हणाले.

जास्त खर्च भरावाचा निघाला. जोतं दीड फूट वाढवून साडेतीन फूट करायचं ठरलं, पुराच्या खुणेच्या वर जाईल असं. ११०० फुटांवर दीड फूट म्हणजे साडेसोळा ब्रास, आणि चोपल्यावर बसतो म्हणून २० ब्रास मुरूम धरला. खोदाईतून निघालेली काळी माती जोत्यात भरायची नाही असं इंजिनिअरनी बजावलं, ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मग फरशी खचते. ती माती शेतात टाकायला एकानं नेली. भराव, जोत्याचं वाढलेलं बांधकाम आणि पायऱ्या मिळून ६० हजार. म्हणजे सगळं मिळून १ लाख ३०.

सरांच्या पद्धतीनं वहीत लिहिलं: जोतं झाल्यावर बाकी काम १७ लाख, राखीव १ लाख ७०, बरोबर १० टक्के. म्हणून आत्ताच ठरवलं की प्लॅनमधलं पुढचं पोर्चचं छत काढायचं आणि कंपाऊंड तिन्ही बाजूंना नंतर, आत्ता तारेचं कुंपण. त्यानं अंदाजे सव्वा लाख परत राखीवात येतात. कंत्राटदार ४० टक्क्यांना तयार झाला नाही, ४५ वर आला आणि लोखंड-सिमेंट आमच्या बिलावर घ्यायला हो म्हणाला.

एक गोष्ट अजून अडलीये. इंजिनिअर म्हणतात वरच्या मजल्याचा भार धरून फुटिंग आत्ताच मोठं करा, ४५ हजार वाढतील. आई म्हणते वर कधी बांधणार काय माहीत, एवढे पैसे मातीत कशाला घालायचे.

गवंडी मामा, विटा

पोर्च काढला ते बरं केलं. फुटिंगचं मला विचाराल तर आईंचं ऐका, मी वीस घरं बघितली ज्यात वरचा मजला कधी चढलाच नाही.

साइट पाटील, कराड

मामा, आणि मी ती घरं बघितलीत ज्यांनी फुटिंग एका मजल्याचं ठेवलं आणि दहा वर्षांनी कुणालाही न विचारता वर चढवलं. फुटिंग नंतर वाढवता येत नाही, म्हणजे येतं पण त्या खर्चात दुसरं घर उभं राहील. कृष्णाकाठ, घरात खरंच वर चढवायचा विचार असेल तर ४५ हजार आत्ता घाला आणि सळ्या सोडा. नसेल तर सळ्याही सोडू नका, जिनाही गच्चीपुरता साधा करा, म्हणजे पुढं मुलांना मोह होणार नाही. मधलं काही करू नका.

आणि एक राहिलं, स्लॅबच्या आधी लाइटचे पाइप आणि पंख्याचे हूक स्लॅबमध्ये टाकून घ्या, आणि बाथरूमच्या पाइपसाठी बीममधून आडवं भोक पाडायला कुणाला देऊ नका, आधीच स्लीव्ह ठेवा. हे पैसे फिनिशिंगच्या खात्यातले वाटतात पण खर्च स्लॅबच्या आठवड्यात येतो, तुमच्या त्या ३५ हजारांच्या शिल्लकीतूनच.

कृष्णाकाठ, भिलवडी

फुटिंगचं आज रात्री आई आणि भावासमोर बसून ठरवतो. मंगळवारी आखणी आहे, खडूची पूड आणि दोरी आणून ठेवलीये. स्लॅब झाला की वहीतले दोन्ही आकडे इथं टाकतो.

सविता, कोरेगाव

टाका नक्की. आणि स्लॅबच्या आधीच बाहेरच्या प्लास्टरवाल्याशी तारीख ठरवून ठेवा, पावसाळ्याच्या तोंडावर कारागीर मिळत नाहीत, आमचं मे महिन्यात तेच झालं होतं.